तीस गुणांची आघाडी आणि हरलेला डाव

चेकर्सच्या पटावर फक्त चार सोंगट्या उरल्या आहेत. काळ्याकडे एक राजा आणि एक साधी सोंगटी, पांढऱ्याकडे दोन साध्या सोंगट्या. साधी सोंगटी १०० गुणांची आणि राजा १३० गुणांचा धरला, तर काळ्याचे २३० होतात आणि पांढऱ्याचे २००. नुसती बेरीज करणारा प्रोग्राम सांगेल की काळा तीस गुणांनी पुढे आहे. चाल काळ्याची आहे. आणि तरीही काळ्याच्या दोन चालींत त्याच्या दोन्ही सोंगट्या मारल्या जातात आणि तो हरतो.

बेरजेत चूक नाही. चूक आहे ती काय मोजलं आणि कोणत्या अटीवर मोजलं यात. चेकर्स खेळणारं इंजिन लिहिणाऱ्याचं निम्मं कसब ही मोजणी बसवण्यात असतं. तिला मूल्यमापन फंक्शन म्हणतात: पटावरची स्थिती घ्यायची आणि कोण किती पुढे आहे हे सांगणारी एकच संख्या द्यायची. या लेखात आपण असं फंक्शन चार घटकांतून उभं करू. पहिला घटक सोंगट्यांची संख्या, दुसरा राजांची किंमत, तिसरा मागच्या रांगेचा पहारा आणि चौथा चालींची मोकळीक. शेवटी वरची स्थिती त्यात घालून पाहू.

पट आणि क्रमांक

इथे आपण ८ बाय ८ घरांच्या पटावरचा खेळ धरला आहे, ज्याला इंग्लिश ड्राफ्ट्सही म्हणतात. खेळ फक्त ३२ गडद घरांवर चालतो. प्रत्येकाकडे सुरुवातीला बारा सोंगट्या असतात. साधी सोंगटी तिरकी आणि पुढेच, एकेक घर जाते. ती समोरच्याच्या शेवटच्या रांगेत पोहोचली की राजा होते. राजाही एकच घर जातो, पण त्याला मागेही जाता येतं. शेजारच्या शत्रूवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरलं की ती सोंगटी मारली जाते. मारण्याची संधी असेल तर मारावंच लागतं. ज्याला चाल उरत नाही तो हरतो. घरांना ठरलेले क्रमांक असतात:

```
 ·  १  ·  २  ·  ३  ·  ४
 ५  ·  ६  ·  ७  ·  ८  ·
 ·  ९  · १०  · ११  · १२
१३  · १४  · १५  · १६  ·
 · १७  · १८  · १९  · २०
२१  · २२  · २३  · २४  ·
 · २५  · २६  · २७  · २८
२९  · ३०  · ३१  · ३२  ·
```

काळ्याच्या सोंगट्या वरून खाली येतात, पांढऱ्याच्या खालून वर जातात. सुरुवातीची स्थिती अशी: काळा राजा २९ वर, काळी सोंगटी १२ वर, पांढऱ्या सोंगट्या ३० आणि २० वर. काळ्यासमोर दोनच चाली आहेत. राजा २९ वरून २५ वर आला, तर ३० वरची पांढरी सोंगटी त्याच्यावरून उडी मारून २१ वर उतरते. १२ वरची सोंगटी १६ वर आली, तर २० वरची सोंगटी तिला मारून ११ वर जाते. कुठलीही चाल आधी खेळली, तरी पुढच्या खेपेला दुसरी खेळावीच लागते. डाव संपला.

हिशेब लागतोच कशाला?

इंजिनाने शेवटपर्यंत सगळ्या चाली पाहिल्या तर त्याला अंदाजाची गरज नाही. वरची स्थिती चारच चालींत संपते, म्हणून कुठलंही इंजिन ती नुसत्या शोधाने सोडवेल. पण हेच कोंडलेले मोहरे पटाच्या एका बाजूला असतील आणि दुसऱ्या बाजूला दोघांच्या सहा-सहा सोंगट्या अजून मोकळ्या फिरत असतील, तर ही कोंडी उघड व्हायला तीस-चाळीस चाली लागू शकतात. इंजिनाचा शोध त्याआधीच थांबतो. जिथे तो थांबतो तिथे उभं राहून ‘इथून पुढे काय होईल’ याचा अंदाज बांधणं हे मूल्यमापन फंक्शनचं काम. म्हणजे ही संख्या पटाचं वर्णन करत नाही; आणखी खोल शोधाने जे उत्तर दिलं असतं, त्याचा आगाऊ अंदाज ती देते. चांगलं फंक्शन कोणतं याची कसोटी यातूनच निघते. त्याकडे आपण पुढे येऊच.

अंदाज बांधण्यासाठी इंजिन कुठे थांबतं, यालाही एक नियम लागतो. मारामारी अर्ध्यावर असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. मी तुमची एक सोंगटी मारली आणि पुढच्याच चालीत तुम्ही माझी मारणार आहात. मधेच मोजलं तर मी शंभर गुणांनी पुढे दिसेन. चेकर्समध्ये मारणं सक्तीचं असल्यामुळे उपाय सरळ आहे. ज्याची चाल आहे त्याला काहीही मारता येत नाही, अशा स्थितीपर्यंत शोध पुढे न्यायचा आणि तिथेच मोजायचं. पुढचे सगळे आकडे अशा शांत स्थितींसाठीच आहेत.

सोंगटी हे माप

पहिला घटक सोंगट्यांच्या संख्येचा. साध्या सोंगटीला १०० गुण द्यायचे आणि बाकी सगळं त्या मापात सांगायचं. हा १०० मात्र हलवायचा नाही. आयबीएममध्ये काम करणारे आर्थर सॅम्युएल यांनी १९५० च्या दशकात स्वतःच्या खेळातून शिकणारा चेकर्सचा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ मध्ये त्यावर प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. त्यांच्या प्रोग्रामला बाकीच्या घटकांची वजनं बदलण्याची मोकळीक होती, पण सोंगट्यांच्या आघाडीचं वजन त्यांनी पक्कं ठेवलं होतं. सगळीच वजनं एकमेकांच्या आधाराने सरकू लागली, तर प्रोग्राम डाव जिंकण्याऐवजी स्वतःचे आकडे जुळवण्याच्या मागे लागू शकतो. एक खुंटी घट्ट हवी.

राजाची किंमत किती धरायची? बुद्धिबळाची सवय असलेल्याला वाटेल की वजीर झाल्यासारखी मोठी उडी द्यावी. पण इथला राजा लांब पल्ल्याचा नाही. तो एकच घर सरकतो आणि साधी सोंगटीही त्याला मारू शकते. त्याला जास्तीचं मिळतं ते मागे येण्याचं स्वातंत्र्य. म्हणून प्रोग्राम लिहिणारे त्याला साध्या सोंगटीच्या साधारण सव्वा ते दीडपट किंमत देतात. मार्टिन फिएर्झ यांनी नवशिक्यांसाठी खुला ठेवलेल्या `simplech.c` या छोट्या इंजिनात ती १३० आहे. हा आकडा फार वाढवला तर इंजिन एका राजासाठी दोन सोंगट्या हसत देऊन टाकतं आणि पुढे त्या एका राजाला तिघे मिळून घेरतात. फार कमी केला तर ते राजा करण्याची घाईच करत नाही.

आता एक अडचण पाहा. काळ्याकडे १२ सोंगट्या, पांढऱ्याकडे ११. फरक १००. दोघांनी नऊ-नऊ सोंगट्यांची अदलाबदल केली आणि ३ विरुद्ध २ उरल्या, तरी फरक १०० च. फंक्शनच्या दृष्टीने दोन्ही स्थिती सारख्या. पण खेळणाऱ्याला ठाऊक असतं की बारात एकाची आघाडी पातळ आहे आणि तिनात एकाची भक्कम. हे इंजिनाला कळलं नाही तर ते आघाडी घेऊन पटावर नुसतं हिंडत राहतं, डाव संपवत नाही. फिएर्झ यांच्या प्रोग्राममध्ये यावर एका ओळीचा उपाय आहे:

```c
v1 = 100*bm + 130*bk;
v2 = 100*wm + 130*wk;
eval = v1 - v2;
eval += 250*(v1 - v2)/(v1 + v2);
```

इथे `bm` आणि `bk` म्हणजे काळ्याच्या साध्या सोंगट्या आणि राजे. `wm`, `wk` पांढऱ्याचे. शेवटची ओळ फरकाला पटावरच्या एकूण किमतीने भागते. १२ विरुद्ध ११ असताना तिच्यातून १० गुण मिळतात, ३ विरुद्ध २ असताना ५०. म्हणजे पुढे असलेल्याचा आकडा अदलाबदल करत गेल्यावर ११० वरून १५० पर्यंत चढतो. इंजिनाला अदलाबदलीची ओढ लागते आणि मागे पडलेल्याला ती टाळावीशी वाटते. वेगळी युक्ती शिकवावी लागत नाही.

मागच्या रांगेचे चार दरवाजे

समोरच्याची सोंगटी माझ्या शेवटच्या रांगेत पोहोचली की तिचा राजा होतो. म्हणून घरची रांग रिकामी करू नये, असं नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. पण चारही सोंगट्या घरी बसवल्या तर लढायला आठच उरतात. किती जण ठेवायचे आणि कुठे?

जाणकार पांढऱ्यासाठी ३० आणि ३२ ही दोन घरं धरून ठेवतात. काळ्यासाठी तीच जागा १ आणि ३. या जोडीला पूल म्हणतात. दोनच सोंगट्या पुरतात का, हे प्रत्येक दरवाजा तपासून पाहता येतं. काळी सोंगटी शेवटच्या आधीच्या रांगेत २५, २६, २७ किंवा २८ यांपैकी कुठेतरी येणार. २५ वर आली तर ३० वरचा पहारेकरी तिला मारून २१ वर उतरतो. २६ वर आली तर तोच तिला मारून २३ वर जातो. २७ वर आली तर ३२ वरचा पहारेकरी मारतो आणि २३ वर उतरतो. २८ ला पुढे एकच घर आहे, ३२, आणि तेच व्यापलेलं आहे. तिथे ती अडून बसते. चारही दरवाजे दोघांनी बंद केले.

आता याच तपासणीतून पुलाची मर्यादाही दिसते. पहारेकऱ्याला उतरायला रिकामं घर लागतं. काळ्याची एक सोंगटी २१ वर आधीच उभी असेल आणि दुसरी २५ वर आली, तर ३० वरून उडी मारता येत नाही आणि पुढच्या चालीत २५ वरची सोंगटी २९ वर जाऊन राजा होते. म्हणजे पूल एकट्या घुसखोराला अडवतो, जोडीने आलेल्यांना नाही.

यावरून मागच्या रांगेचे गुण ठरवता येतात. नुसत्या पुलाला २१ गुण देऊ. पुलाबरोबर आणखी एक सोंगटी घरी असेल तर २७. चारही घरी असतील तर २४. शेवटचा आकडा मुद्दाम कमी ठेवला आहे. चौथ्या सोंगटीने नवा दरवाजा बंद होत नाही, पण पुढच्या लढाईत एक हात कमी पडतो. या तीन गुणांच्या फरकामुळे इंजिन योग्य वेळी चौथी सोंगटी आपणहून बाहेर काढतं. पुलातली एक जरी गेली, तर उरलेल्यांना एक-दोन गुणच.

पण हे गुण केव्हा द्यायचे? सॅम्युएल यांनी आपल्या यादीत पुलाचा घटक ठेवताना अट घातली होती की समोरच्याकडे राजा नसेल तरच तो मोजायचा. कारण स्पष्ट आहे. शत्रूचा राजा पटावर फिरत असेल, तर दारावरच्या पहाऱ्याची किंमत फार उरत नाही. तो पहारेकऱ्यांना मागूनही गाठू शकतो. ही अट विसरलेलं इंजिन ओळखता येतं. समोर दोन राजे हिंडत असतात आणि याच्या दोन सोंगट्या कोणासाठी कोण जाणे, दाराशी उभ्या असतात.

दुसरा दोष वजन फार जास्त ठेवल्याने येतो. पुलाला २१ ऐवजी ६० गुण दिले असं समजा. दोघांकडे सहा-सहा सोंगट्या उरल्या आहेत. इंजिन पुलातल्या दोघांना हलवायला तयार नाही, म्हणून सगळ्या चाली उरलेल्या चौघांनाच कराव्या लागतात. ते चौघे पुढे सरकत सरकत समोरच्याच्या सोंगट्यांना भिडतात, आणि एका क्षणी सुरक्षित चाल उरत नाही. मग एक सोंगटी द्यायची किंवा पूल मोडायचा. साठ गुणांचा पूल सांभाळताना शंभरांची सोंगटी जाते. इथे मागच्या रांगेचा प्रश्न चौथ्या घटकात, मोकळिकीत, शिरतो.

मोकळीक मोजताना

मोकळीक म्हणजे किती चाली उपलब्ध आहेत. डावाच्या सुरुवातीला दोघांनाही सात-सात चाली असतात. चेकर्समध्ये चाल संपली की हार, म्हणून हा आकडा थेट जय-पराजयाशी बांधलेला आहे. सोपी पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाली मोजून फरकाला एखाद्या वजनाने गुणायचं. आपण ते ५ धरू. दोन्ही बाजूंत सहा चालींचा फरक असेल तरी ३० च गुण होतात. सोंगटीच्या किमतीपासून ते पुरेसं दूर आहे.

पण सगळ्या चाली सारख्या नसतात. सुरुवातीच्या स्थितीत काळ्याला दोन चाली आहेत आणि दोन्हींत सोंगटी फुकट जाते. त्यांना मोकळीक म्हणायचं कसं? सॅम्युएल यांच्या यादीत यासाठी तीन वेगळे घटक होते. `MOB` म्हणजे जिथे जाता येतं अशी घरं. `DENY` म्हणजे त्यांपैकी जिथे गेल्यास बदल्यात काही न मिळता मारलं जातं अशी घरं. `MOBIL` म्हणजे या दोहोंची वजाबाकी, खरीखुरी मोकळीक. आपणही हेच करू: फक्त सुरक्षित घरं मोजू.

आपल्या स्थितीत काळ्याची सुरक्षित घरं शून्य. पांढऱ्याच्या तीन चाली आहेत. ३० वरून २५ वर गेल्यास राजा मारून २२ वर येतो. २० वरून १६ वर गेल्यास १२ वरची सोंगटी मारून १९ वर उतरते. फक्त ३० वरून २६ ही सुरक्षित आहे. म्हणून पांढऱ्याचं एक.

ही एकुलती एक सुरक्षित चाल पाहा. पांढऱ्याची चाल असती तर ३० वरचा पहारेकरी हलवावा लागला असता आणि कोंडलेला राजा २५ वरून बाहेर पडला असता. चार सोंगट्या त्याच, घरं तीच, पण चाल कोणाची यावर निकाल बदलतो. म्हणून मोकळीक मोजताना चाल कोणाची आहे हे फंक्शनला माहीत असणं अत्यावश्यक आहे.

त्या तीस गुणांचं काय झालं

आता सगळं एकत्र करू. सगळे आकडे काळ्याच्या बाजूने आहेत. उणे आकडा म्हणजे पांढरा पुढे.

आधी भाबडं फंक्शन. सोंगट्यांचा फरक ३०. अदलाबदलीची ओळ: २५० गुणिले ३०, भागिले ४३०, म्हणजे अधिक १७. मागची रांग: काळ्याकडे राजा आहे म्हणून पांढऱ्याला काही नाही, आणि काळ्याची घरची रांग रिकामी, म्हणून शून्य. सगळ्या चाली मोजल्या तर काळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या तीन. फरक उणे ५. बेरीज अधिक ४२. हरलेल्या स्थितीला फंक्शन जवळजवळ अर्ध्या सोंगटीची आघाडी म्हणतं आहे. अदलाबदलीच्या ओळीने चूक कमी होण्याऐवजी वाढली, कारण तिला मिळालेला फरकच खोटा होता.

आता सुरक्षित घरं मोजू. शून्य विरुद्ध एक. फरक पुन्हा उणे ५. बेरीज तीच, ४२. म्हणजे नुसती मोकळीक नीट मोजूनही भागलं नाही. एकूण मोकळिकीत कोण कोंडलं आहे हे बुडून जातं. इथे कोंडला आहे तो राजा, ज्याला आपण १३० गुण दिले आहेत ते मुळात मागे-पुढे फिरण्यासाठी. जो फिरूच शकत नाही त्याला ती किंमत का द्यायची?

म्हणून नवी अट घालू. ज्या राजाला एकही सुरक्षित घर नाही, त्याची किंमत ५०. शून्य करत नाही, कारण त्याला कोंडण्यासाठी शत्रूची एक सोंगटीही अडकून पडली आहे. तिला हलावं लागलं तर राजा सुटेल. आणि ही वजावट शेवटी न करता सोंगट्यांच्या किमतीतच करायची, म्हणजे अदलाबदलीची ओळ खऱ्या फरकावर चालेल. आता काळ्याचे ५० आणि १०० मिळून १५०, पांढऱ्याचे २००. फरक उणे ५०. अदलाबदलीची ओळ: २५० गुणिले उणे ५०, भागिले ३५०, म्हणजे उणे ३५. मोकळीक उणे ५. बेरीज उणे ९०. पांढरा जवळपास एका सोंगटीने पुढे आहे असं फंक्शन आता सांगतं, आणि खेळणारा माणूसही तेच सांगेल.

अशी कोंडी कशी तयार होते, तेही पुलाच्या तपासणीत दडलेलं होतं. काळ्याने २१ आणि २५ ची जोडी वापरून २९ वर राजा केला. पुढे २१ वरची सोंगटी कुठल्यातरी अदलाबदलीत गेली. आता २१ रिकामं झालं, ३० वरचा पहारेकरी पुन्हा २५ वर नजर ठेवू शकतो, आणि २९ या कोपऱ्यातून बाहेर पडायला २५ हा एकच रस्ता आहे. काळ्याच्या इंजिनाला ही अट ठाऊक असती, तर त्याने २१ वरची सोंगटी इतक्या सहज सोडली नसती.

वजनं बरोबर आहेत हे कसं ओळखायचं

पहिली तपासणी फंक्शन लिहिल्या लिहिल्याच करायची असते. पट उलटा फिरवा, म्हणजे प्रत्येक घराचा क्रमांक ३३ मधून वजा करा, रंग बदला आणि चालही समोरच्याला द्या. आपली स्थिती मग अशी होते: पांढरा राजा ४ वर, पांढरी सोंगटी २१ वर, काळ्या सोंगट्या ३ आणि १३ वर, चाल पांढऱ्याची. उणे ९० चे बरोबर अधिक ९० झाले पाहिजेत. एका गुणाचाही फरक पडला, तर कुठेतरी काळ्याचा पूल १ आणि ३ ऐवजी २ आणि ४ असा लिहिला गेला आहे. अशा चुका खेळ पाहून सापडत नाहीत, या तपासणीत लगेच सापडतात.

दुसरी तपासणी फंक्शनच्या व्याख्येतूनच येते. ते खोल शोधाचा अंदाज असेल, तर दोन्हींची तुलना करा. शेकडो स्थिती घ्या, प्रत्येकीला आधी नुसतं फंक्शन लावा, मग बारा-पंधरा चालींचा शोध लावून येणारा आकडा घ्या. जिथे दोहोंत मोठी तफावत आहे त्या स्थिती बाजूला काढून डोळ्यांनी पाहा. बहुतेक वेळा त्यांच्यात काहीतरी समान असतं. कोंडलेले राजे, फार उशिरापर्यंत धरलेला पूल, कडेला चिकटलेल्या सोंगट्या. सॅम्युएल यांच्या प्रोग्रामचं शिकणं याच तफावतीवर उभं होतं. आताचा आकडा आणि पुढे पाहून आलेला आकडा यांत फरक पडला, की ज्या घटकांनी चुकीच्या दिशेने ओढलं त्यांची वजनं तो बदलत असे. त्यांच्याकडे एकूण ३८ घटक होते. त्यांतले १६ एका वेळी वापरात असत आणि २२ राखीव. सतत निरुपयोगी ठरणारा घटक बाहेर जाई आणि राखीवातला आत येई.

तिसरी तपासणी म्हणजे प्रत्यक्ष सामना, जुनं फंक्शन विरुद्ध नवं. इथे फसगत सोपी आहे. चांगली इंजिनं एकमेकांशी बहुतेक डाव बरोबरीत सोडवतात. म्हणून पहिल्या तीन चाली ठरवून दिलेल्या वेगवेगळ्या सुरुवाती घेतात आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. समजा २८८ डाव झाले, २४० बरोबरीत सुटले, आणि उरलेल्या ४८ पैकी नव्याने २८ जिंकले, जुन्याने २०. आठ डावांची आघाडी दिसायला चांगली आहे. पण दोघं अगदी तुल्यबळ असते, तरी ४८ डावांत सातेक डावांचा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. या निकालावरून पुलाचं वजन २१ वरून २४ करणं योग्य ठरलं, असं म्हणता येत नाही. आणखी हजारो डाव खेळवावे लागतात, आणि एका वेळी एकच वजन बदलावं लागतं.

हिशेबाची हद्द

एकच वजन सगळ्या डावभर बरोबर नसतं, हेही या सामन्यांतून कळतं. पूल सुरुवातीला मोलाचा असतो आणि शेवटी ओझं होतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जॉनथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून बांधलेल्या चिनूक या इंजिनाने म्हणूनच डावाचे चार टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी वजनं दिली. ती वजनं हाताने बसवलेली होती, आणि कोंडलेले राजे हा त्याच्या फंक्शनमधला स्वतंत्र घटक होता. चिनूक १९९२ मध्ये विश्वविजेते मॅरियन टिन्स्ली यांच्याकडून चार विरुद्ध दोन असा हरला. ३३ डाव बरोबरीत सुटले. १९९४ मध्ये सहा बरोबऱ्यांनंतर टिन्स्ली यांनी आजारपणामुळे सामना सोडला.

चिनूकचं दुसरं बळ फंक्शनच्या बाहेर होतं. थोड्या सोंगट्या उरलेल्या सगळ्या स्थितींचे अचूक निकाल त्यांनी संगणकावर काढून साठवले. अखेरीस हा साठा दहा सोंगट्यांपर्यंतच्या सुमारे ३९ लाख कोटी स्थितींचा झाला. शोध तिथे पोहोचला की अंदाजाची गरज संपते. जिंकणार, हरणार की बरोबरी, हे थेट वाचता येतं. २००७ मध्ये शेफर यांच्या गटाने जाहीर केलं की दोघांनीही अचूक खेळ केला तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो.

त्यामुळे मूल्यमापन फंक्शनची गरज आता अधल्या-मधल्या डावापुरती आहे. बारा विरुद्ध बारापासून साठ्यापर्यंत पोहोचेस्तोवर इंजिनाला अंदाजावरच चालावं लागतं, आणि घरच्या संगणकावर इतका मोठा साठा ठेवता येत नाही तिथे तर शेवटपर्यंत. हे फंक्शन स्वतः लिहून पाहायचं असेल, तर चार घटकांनीच सुरुवात करा. सोंगटीचे १०० पक्के ठेवा. प्रत्येक घटकाशेजारी तो केव्हा मोजायचा नाही याची अट लिहा, कारण चुका तिथेच सापडतात. आणि पहिलं वजन बदलण्याआधी पट उलटवणारी तपासणी लिहून ठेवा.